चाळिसात शून्य म्हणजे चारशेत शून्य नव्हे

«छोट्या कारखानदारांसाठी सोपे नियम. १) लॉट कितीही मोठा असो, दहा टक्के माल तपासला की पुरे. २) नमुन्यात एकही नग खराब निघाला नाही तर ‘लॉट शून्य टक्के खराब’ असे रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहा. ३) पन्नासात एक खराब म्हणजे लॉटमध्ये दोन टक्के खराब, साधे त्रैराशिक. ४) नमुना नापास झाला तर दुसरा घ्या, तो पास झाला की लॉट पास. शितावरून भाताची परीक्षा! पुढे पाठवा.»

हा मजकूर आजवर अनेक गटांतून माझ्याकडे आला आणि मी तो दुर्लक्षित केला. आता मात्र तो माझ्या भाच्याच्या वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर छापून चिकटवलेला दिसला, आणि तोही त्याचा एक लॉट परत आल्यानंतर, म्हणून लिहिणे भाग आहे. लॉट होता पितळी बुशांचा, ४०० नगांचा. भोक १२ मिमी एच-७, म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिमीच्या दरम्यान असायला हवे. नियमाप्रमाणे ४० नगांना प्लग गेज, म्हणजे भोकात घालून पाहायचे पास-नापास माप, लावले गेले, सगळे पास झाले आणि रिपोर्टवर ‘खराब ०%’ असे लिहून माल रवाना झाला. ग्राहकाने सगळा माल तपासला, तेव्हा १४ बुशांत गेजची ‘गो’ बाजू आतच गेली नाही, म्हणजे भोक मापापेक्षा लहान होते. भाच्याचे म्हणणे असे की नशीब खराब होते. नशिबाचा वाटा किती होता हे मोजता येते, म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. सर्वाधिक नुकसान त्यानेच होते.

चारशेतून चाळीस नग सरमिसळ करून उचलले, तर कोणताही एक खराब बुश नमुन्याबाहेर राहण्याची शक्यता दहात नऊ आहे. चौदाच्या चौदा बाहेर राहण्याची शक्यता काढण्यासाठी चौदा वेळा ०.९ घेऊन त्यांचा गुणाकार करावा लागतो आणि उत्तर येते सुमारे ०.२३. उचललेला नग परत ढिगात टाकला जात नाही हे लक्षात घेऊन काटेकोर हिशेब केला तर ते ०.२२ होते. म्हणजे साडेतीन टक्के खराब असलेले असे पाच लॉट तपासले, तर त्यांपैकी सरासरी एक लॉट या तपासणीतून एकही डाग न लागता बाहेर पडणार. ज्या घटनेची शक्यता पाचात एक आहे, तिला दुर्दैव म्हणणे ही स्वतःची समजूत घालण्याची पद्धत झाली.

आता प्रश्न उलटा विचारू, कारण प्रत्यक्षात तपासनिसाच्या हातात फक्त ‘चाळिसात शून्य’ एवढेच असते. लॉटमध्ये किती खराब नग असूनही हा निकाल आला असता? १४ असते तरी २२ टक्के वेळा आला असता, हे आपण पाहिले. ही संख्या वाढवत नेली तर २७ खराब नगांपर्यंत ही शक्यता पाच टक्क्यांच्या वर राहते आणि २८ ला ती पाचाच्या खाली जाते. पाच टक्क्यांची ही रेघ हा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे, पण ती मान्य केली तर प्रामाणिक वाक्य असे होते: ‘४० तपासले, खराब ०, लॉटमध्ये २७ पर्यंत, म्हणजे पावणेसात टक्क्यांपर्यंत, खराब नग असू शकतात, आणि त्याहून अधिक नाहीत असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते.’ हे वाक्य ‘खराब ०%’पेक्षा लांब आहे आणि ग्राहकाला आवडणारही नाही, पण तपासणीतून एवढेच निष्पन्न झालेले असते.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर मोठ्या लॉटसाठी एक ठोकताळा पुरतो. नमुन्यात शून्य खराब निघाले तर तीनला नमुन्याच्या संख्येने भागावे. येणारे उत्तर ही खराब मालाच्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा असते. वीस नग तपासले तर ती १५ टक्के, पन्नास तपासले तर ६ टक्के, आणि ‘एक टक्क्याहून जास्त नाही’ असे म्हणायचे असेल तर तीनशे नग तपासून ते सगळे चांगले निघावे लागतात. चारशेच्या लॉटमध्ये हा आकडा बराच उतरतो, कारण तपासलेला भागच लॉटचा मोठा हिस्सा होतो. तिथे ‘खराब नग चारहून अधिक नाहीत’ असे म्हणण्यासाठी १८० नग तपासून शून्य यावे लागते. चाळीस आणि एकशेऐंशी यांतले हे अंतर त्या संदेशातल्या ‘बिनधास्त’ या शब्दाने झाकले आहे.

वरचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे: प्रत्येक नगाला नमुन्यात येण्याची सारखीच संधी मिळाली पाहिजे. संदेशाच्या शेवटची म्हण इथे दगा देते. पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत बाकीच्यांविषयी बोलू शकते. बुशांचा लॉट तसा बनत नाही. भोक मापात आणणारे हत्यार, म्हणजे रीमर, झिजत जातो तसे भोक लहान होत जाते. सकाळचे पहिले नग मापाच्या मधोमध असतात आणि खराब नग पाळीच्या शेवटच्या ट्रेमध्ये एकत्र साठतात. भाच्याकडे ट्रे एकावर एक रचले होते आणि तपासनिसाने हाताला आले ते दोन ट्रे घेतले. ते कोणत्या वेळचे होते हे कुणालाच सांगता आले नाही, त्यामुळे मी वर काढलेले २२ टक्के हासुद्धा त्याच्या बाजूने केलेला उदार हिशेब आहे. शेवटचे ट्रे नमुन्यात आलेच नसतील, तर खराब नग सापडण्याची शक्यता शून्याच्या जवळ होती आणि कोणतेही सूत्र तिला वर आणू शकत नाही.

यावर उपाय अवघड नाही. ट्रेवर क्रमांक आणि वेळ लिहावी, प्रत्येक ट्रेमधून थोडे नग घ्यावे आणि फक्त पास-नापास न लिहिता बोअर गेजने प्रत्यक्ष माप घेऊन ते त्या क्रमाने नोंदवावे. पहिल्या ट्रेमध्ये १२.०१२ आणि शेवटच्यात १२.००३ असे आकडे दिसले, तर एकही नग नापास न होता रीमर बदलण्याची वेळ कळते. प्लग गेज मात्र या दोन्ही नगांना सारखेच ‘पास’ म्हणते, म्हणजे जी माहिती हातात होती तीच टाकून देते.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही, कारण भारतीय मानक आयएस २५०० च्या पहिल्या भागातला तक्ता उघडला की तो संपतो. सर्वसाधारण तपासणीच्या दुसऱ्या पातळीवर हे मानक २६ ते ५० नगांच्या लॉटसाठी ८ नग, ५०१ ते १२०० साठी ८० आणि ३२०१ ते १०,००० साठी २०० नग घ्यायला सांगते. म्हणजे पन्नासाच्या लॉटला सोळा टक्के आणि दहा हजारांच्या लॉटला दोन टक्के. नमुन्याची ताकद मुख्यतः त्यातल्या नगांच्या संख्येवर ठरते, लॉटशी असलेल्या प्रमाणावर फारशी नाही. सर्व लॉट चार टक्के खराब आहेत असे धरा आणि ‘दहा टक्के तपासा, शून्य आले तरच पास’ हा नियम लावा. ५० च्या लॉटमधून ५ नग घेतले तर तो लॉट पास होण्याची शक्यता ८१ टक्के, १०० मधून १० घेतले तर ६५ टक्के आणि १००० मधून १०० घेतले तर सव्वा टक्क्याच्या किंचित वर. माल तोच, नियम तोच, आणि निकाल मात्र लॉट किती मोठा बांधला यावर! छोट्या कारखानदाराचे लॉट छोटेच असतात, तेव्हा ‘छोट्या कारखानदारांसाठी’ म्हणून दिलेला हा नियम नेमका त्यालाच सर्वात कमी संरक्षण देतो.

या मानकाचा आधार घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तक्त्यात ८० नगांच्या नमुन्यासाठी, स्वीकार्य गुणवत्ता पातळी, म्हणजे चालवून घ्यायचे खराब मालाचे प्रमाण, एक टक्का ठेवल्यास, दोन खराब नगांपर्यंत लॉट स्वीकारला जातो. या योजनेतून एक टक्का खराब असलेला लॉट ९५ टक्के वेळा पास होतो हे ठीक. पण पाच टक्के खराब असलेला लॉटही सुमारे २३ टक्के वेळा पास होतो. लॉट घ्यायचा की परत करायचा हे ही योजना ठरवते, आत किती टक्के खराब आहे ते ती सांगत नाही.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एकच आकडा सांगायची सक्ती असेल तर पन्नासात एक खराब निघाल्यावर दोन टक्के हाच सर्वात योग्य अंदाज आहे. पण त्याच निकालाशी सुसंगत असलेला ९५ टक्क्यांचा पट्टा साधारण ०.०५ टक्क्यापासून साडेदहा टक्क्यांपर्यंत पसरतो, आणि त्रैराशिक त्याविषयी काहीच बोलत नाही. पट्टा निम्म्यावर आणायचा तर ढोबळमानाने चौपट नग तपासावे लागतात. छोटा नमुना निरुपयोगी असतो असेही मी म्हणत नाही: वीस टक्के खराब असलेल्या मोठ्या लॉटमधून वीस नग काढले तर किमान एक खराब सापडण्याची शक्यता जवळपास ९९ टक्के असते. अगदी वाईट माल छोटा नमुना नक्की पकडतो, मात्र तीन टक्के आणि अर्धा टक्का यांतला फरक त्याला दिसत नाही.

चौथा मुद्दा ही सरळ फसवणूक आहे, मग ती ग्राहकाची असो की स्वतःची. पाच टक्के खराब असलेल्या मोठ्या लॉटमधून वीस नगांचा नमुना काढला, तर त्यात शून्य खराब येण्याची शक्यता ३६ टक्के असते. नापास झाल्यावर पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा नमुना घेण्याची मुभा दिली, तर लॉट पास होण्याची शक्यता ७४ टक्क्यांवर जाते आणि तेवढ्याने लॉटमधला एकही खराब बुश चांगला होत नाही. दुहेरी नमुन्याची रीतसर योजना आयएस २५०० मध्ये आहे, आणि बहुधा कुणीतरी तिच्याविषयी अर्धवट ऐकून हा नियम तयार केला असावा. त्या योजनेत दुसरा नमुना केव्हा घ्यायचा हे पहिला काढण्यापूर्वीच ठरलेले असते. पहिल्यात खराब नग ठरावीक संख्येपर्यंत पोहोचले, तर दुसरी संधी न देता लॉट तिथेच नाकारला जातो, आणि दुसरा नमुना घेतला तर पहिल्यात निघालेले खराब नग त्यात मिळवूनच निर्णय होतो. भाच्याच्या रजिस्टरमध्ये नापास झालेल्या नमुन्यांवर काट मारून खाली नवा नमुना लिहिलेला आहे. त्या काटाखालचे आकडे अजून वाचता येतात आणि ते बेरजेत धरल्याशिवाय त्या पानावरचा एकही ‘पास’ ग्राहकाला दाखवण्याजोगा नाही.