गिझरमधला रॉड काढायला सांगणारा मेसेज: एकेक मुद्दा घेऊन उत्तर

"गिझरमधला मॅग्नेशियम रॉड हा फक्त सर्व्हिसिंगचा धंदा आहे. दोन वर्षांत विरघळून जातो म्हणजे माल हलका. ते विरघळलेलं मेटल रोज तुमच्या अंगावर पडतं. टाकी जाड पोलादाची, आतून काचेचं कोटिंग, तिला कशाचा गंज? रॉड काढून टाका, लाइटबिल पण कमी येईल."

मी जळगावात गिझर, मोटर, कूलरची कामं करतो, आणि हे वाचून रॉड काढलेल्या टाक्या माझ्याकडे यायला लागल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रॉड विरघळतो हे खरंय, पण तो विरघळायलाच बसवलाय भो. मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन पटकन सोडतं, लोखंड त्यामानाने धरून ठेवतं. हे दोन धातू एकाच पाण्यात बुडालेले असले आणि वरून एकमेकांना टेकलेले असले की झिजायचं काम मॅग्नेशियमच्या वाट्याला येतं. तिथून निघालेले इलेक्ट्रॉन रॉडच्या आतल्या तारेतून फ्लँजमध्ये, म्हणजे रॉड आणि पाणी तापवणारं एलिमेंट ज्या प्लेटवर बसतात तिच्यात, आणि फ्लँजमधून टाकीच्या पत्र्यात जातात आणि पत्रा जिथे उघडा आहे तिथे पाण्यातला ऑक्सिजन ते घेतो. रॉड नसला तर ऑक्सिजन तेच इलेक्ट्रॉन लोखंडाकडून काढून घेतो, त्यालाच आपण गंज म्हणतो. आपल्या कूलरचा जस्त चढवलेला जीआय पत्रा बघा, ओरखडा पडला तरी तिथे लगेच लाल होत नाही, कारण आजूबाजूचं जस्त आधी झिजत असतं. तत्त्व तेच, फक्त मॅग्नेशियमची ओढ जस्तापेक्षा बरीच जास्त.

आता काचेचं कोटिंग. ते असतं, चांगलंही असतं, ८०० अंशांच्या वर भट्टीत भाजून बसवतात. पण वेल्डिंगच्या कडेला, पाइपच्या सॉकेटजवळ, फ्लँजच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच, सगळी टाकी शंभर टक्के झाकणं कोणालाच जमत नाही. आणि मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट धरलीच नाही, बऱ्याच गिझरमध्ये एलिमेंट तांब्याचं असतं. तांबं पोलादापेक्षा इलेक्ट्रॉन घट्ट धरतं, म्हणजे रॉड काढला की त्या पाण्यात आता सगळ्यात कमजोर धातू पोलादच उरतं. एलिमेंटचं क्षेत्रफळ मोठं आणि पत्र्याचा उघडा भाग सुईएवढा, म्हणून सगळी झीज त्या एका ठिपक्यावर. टाकी सगळीकडून पातळ होत नाही, एका जागी आरपार जाते.

माझ्या ओळखीत दोन भाऊ एकाच घरात राहतात, थोरले खाली, धाकटे वर. दोघांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलचे १५ लिटरचे गिझर बसवले होते, पाणीही गच्चीवरच्या एकाच टाकीतलं, बोअरचं, क्षाराचं. पहिली सर्व्हिसिंग झाली तेव्हा थोरल्यांनी मेसेज वाचून रॉड काढायला लावला, वरच्या वहिनींनी नको म्हटलं. दीडेक वर्षाने थोरल्यांच्या बादलीत सकाळचं पहिलं गरम पाणी लालसर यायला लागलं, थंड नळ मात्र साफ. (हा फरक लक्षात ठेवा, दोन्ही नळांना लाल आलं तर संशय पाइपवर घ्यायचा, गरमलाच आलं तर टाकीवर.) मग खालच्या झाकणातून थेंब पडायला लागले आणि त्यांचा फोन आला, "आते काय करानं?" उघडून बघितलं तर सगळं कोटिंग चकचकीत, फक्त सॉकेटच्या वेल्डिंगला गंजाचा फोड आणि तो खरवडला तर मोहरीएवढं भोक. अशी टाकी दुरुस्त होत नाही, वेल्डिंग केलं तर उष्णतेने आजूबाजूचं कोटिंग उडतं. मग वरचाही उघडला. रॉड पेन्सिलीएवढा उरलेला, मधली तार दिसत होती, आणि वेल्डिंगच्या त्याच जागी टाकी साफ. दोन-तीनशेचा रॉड संपला, टाकी राहिली.

दोन वर्षंच का टिकतो, त्याचा हिशोब करून बघू. १ किलो मॅग्नेशियम पूर्ण वापरलं गेलं तर सुमारे २२०० अँपिअर-तास करंट देतं, पण साधारण निम्मं स्वतःच पाण्यात झिजून फुकट जातं. म्हणजे १०० ग्रॅमच्या रॉडमधून ११० अँपिअर-तास हाती लागतात. टाकी ५ मिलीअँपिअर ओढत असेल तर २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यातून करंट सहज वाहतो, तो १० मिलीअँपिअर झाला की तोच रॉड सव्वा वर्षात खलास. माल हलका असतो असं नाही, पाणी जड असतं. आणि आपण गिझर चार महिने वापरतो, तरी उरलेले आठ महिने टाकी भरलेलीच असते ना, तेव्हाही रॉड झिजत असतो.

अंगावर मेटल पडण्याचंही याच हिशोबात उत्तर आहे. वर्षभर रोज ६० लिटर पाणी वापरलं तर अडीच वर्षांत साधारण ५५,००० लिटर होतं, त्यात १०० ग्रॅम म्हणजे लिटरमागे २ मिलीग्रॅमसुद्धा नाही, वर्षातले चारच महिने वापरलं तरी ६ च्या आतच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादाच लिटरला ३० मिलीग्रॅम आहे.

लाइटबिलाचा संबंध नाही. रॉड स्वतःचा करंट स्वतः तयार करतो, मीटरमधून काही घेत नाही. बिल वाढतं ते एलिमेंटवर क्षाराचा पांढरा थर बसला की, आणि तो थर पाण्यातल्या कॅल्शियमचा असतो, रॉड काढून तो थांबत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक तक्रार मात्र खरी आहे. काही बोअरच्या पाण्यात जंतूंमुळे गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि मॅग्नेशियमजवळ तयार होणारा हायड्रोजन त्यात भर घालतो. तिथेही रॉड काढून टाकायचा नाही, आपल्या मॉडेलला बसणारा ॲल्युमिनियमचा रॉड मिळाला तर तो लावायचा. हायड्रोजन थोडाच असतो, पण घर महिनोन्‌महिने बंद असलं तर टाकीत साचू शकतो, म्हणून गावाहून आल्यावर गरम नळ दोन मिनिटं उघडा ठेवा आणि तेव्हा जवळ काडी ओढू नका.

बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी रॉड बघून घ्या. एमसीबी पाडायचा, इनलेट बंद करायचा, टाकी रिकामी करून फ्लँज उतरवायची, हे काम येणाऱ्याकडूनच करवा आणि गॅस्केट नवीनच लावायला सांगा. रॉड निम्म्यापेक्षा बारीक झाला किंवा तार दिसली की बदलायचा. आणि रॉड वर्षानंतरही जाड दिसला म्हणून खूश होऊ नका. बऱ्याचदा त्यावर क्षाराचं कडक कवच बसलेलं असतं किंवा आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळून कोणीतरी त्याचा टाकीशी संपर्कच तोडलेला असतो. कवच खरवडून काढा, आटे घासून पुन्हा घट्ट बसवा, फ्लँज लावण्याआधी मल्टिमीटरची एक पिन रॉडला आणि दुसरी फ्लँजच्या उघड्या धातूला लावा, रीडिंग जवळजवळ शून्य ओहम यायला पाहिजे. काही मॉडेलमध्ये रॉड कंपनीनेच वेगळ्या वायरने जोडलेला असतो, तिथे ती वायर परत लागली का तेवढं बघा.