टीपॉयसमोरचे उणे ५० : सेन्सिटिव्हिटी रिपोर्टविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

«सॉल्व्हरचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट एका मिनिटात! १) रिड्यूस्ड कॉस्ट उणे म्हणजे तो माल तोट्यात, बंद करा. २) शॅडो प्राइस म्हणजे त्या साधनाचा खरा भाव, त्याहून महाग घेऊ नका. ३) जादा माल गुणिले शॅडो प्राइस म्हणजे तुमचा जादा नफा. ४) शॅडो प्राइस शून्य म्हणजे तिथला खर्च कापा.»

लघुउद्योजकांमध्ये फिरत असलेला हा संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने आपल्या फर्निचर कारखान्याच्या छापील रिपोर्टवर टीपॉयच्या ओळीसमोर लाल शाईने «बंद» असे लिहिले. म्हणून हे उत्तर. सॉल्व्हर हे एक्सेलमधले, मर्यादित साधनांत सर्वाधिक नफ्याची योजना शोधणारे साधन. त्याच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये शॅडो प्राइस म्हणजे एखादे साधन एका एककाने वाढले तर एकूण नफा किती वाढेल तो आकडा, आणि रिड्यूस्ड कॉस्ट म्हणजे योजनेत नसलेल्या मालाचा एक नग बळेच केला तर एकूण नफा किती बदलेल तो आकडा.

त्याचे गणित साधे आहे. टेबलाला ४ घनफूट लाकूड आणि २ मनुष्यदिवस लागतात व नफा ६०० रुपये मिळतो. खुर्चीला २ घनफूट, २ दिवस, नफा ४००. टीपॉयला ३ घनफूट, १ दिवस, नफा ३५०. महिन्याला लाकूड २४० घनफूट, मजूर १८० मनुष्यदिवस आणि पॉलिश १०० नगांपुरते. उत्तर आले ३० टेबले, ६० खुर्च्या, टीपॉय शून्य, एकूण नफा ४२,००० रुपये. Allowable Increase आणि Allowable Decrease म्हणजे साधन किती वाढेपर्यंत वा घटेपर्यंत शॅडो प्राइस तीच राहते ती मर्यादा, आणि 1E+30 म्हणजे मर्यादाच नाही. रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी अशा:

```
Variable Cells  Final Value  Reduced Cost
टीपॉय                0           -50

Constraints     Shadow    Allowable  Allowable
                Price     Increase   Decrease
लाकूड            100        120         60
मजूर             100         20         60
पॉलिश              0       1E+30        10
```

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. टीपॉय तोट्यात नाही, तो नगामागे ३५० रुपये नफा देतो. मात्र त्यासाठी लागणारे ३ घनफूट लाकूड आणि १ मनुष्यदिवस दुसरीकडे, शॅडो प्राइसच्या हिशोबाने, ३०० अधिक १०० म्हणजे ४०० रुपये कमावत आहेत. ३५० वजा ४०० म्हणजे उणे ५०. पडताळून पाहायचे असेल तर दोन टीपॉय बळेच करायला लावा: टेबले ३० वरून २८ वर येतात, खुर्च्या ६१ होतात, आणि १,२०० रुपये गेले, ४०० व ७०० आले, म्हणजे एकूण नफा बरोबर १०० रुपयांनी घटला. उणे ५० चा अर्थ एवढाच की आजच्या साधनांत टीपॉयला जागा नाही आणि त्याचा नफा ४०० च्या वर गेला की ती मिळेल. हा आकडा पाहून गिऱ्हाईक, साचे आणि कारागीर सोडून देणे म्हणजे नफ्याच्या मालावर तोट्याचा शिक्का मारणे होय.

दुसऱ्या मुद्द्यातला «खरा भाव» हा शब्दच चुकीचा आहे. टेबलाचे ६०० रुपये लाकडाची किंमत वजा करून काढलेले असतील, तर १०० रुपये हे खरेदीभावाच्या वर मोजता येतील असे आहेत. लाकूड ९०० रुपये घनफुटाने हिशोबात धरले असेल, तर जादा लाकूड १,००० पर्यंत परवडते. ९०० हे १०० पेक्षा महाग म्हणून खरेदी थांबवली तर फायद्याचा सौदा हातचा जाईल. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवूड उद्योगाच्या एका प्रश्नातून उत्पादन नियोजनाची जी पद्धत मांडली, तिच्यातले शॅडो प्राइससारखे गुणकही बाजारातून नव्हे, तर साधने आणि योजना यांच्या गणितातून निघत होते. कारखान्याची योजना बदलली की हे आकडेही बदलतात.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते: Allowable Increase च्या आत गुणाकार चालतो. पण भाच्याने २०० घनफूट जादा लाकूड घेऊन २०,००० रुपये वाढतील असे धरले होते, आणि मर्यादा १२० ची आहे. तिथपर्यंत १२,००० रुपये मिळतात आणि खुर्च्या संपून फक्त ९० टेबले उरतात. पुढे लाकडाची शॅडो प्राइस ५० वर येते, आणि ती येते नेमकी टीपॉयमुळेच, कारण मजूर अपुरे पडू लागले की कमी श्रमाचा टीपॉय योजनेत शिरतो. असे २० घनफूट चालते, १,००० रुपये मिळतात. मग पॉलिशची मर्यादा आड येते आणि उरलेल्या ६० घनफुटांतून एक रुपयाही वाढत नाही. एकूण वाढ १३,००० रुपये, तीही ८० टेबले आणि २० टीपॉय केल्यावर. ज्या मालावर लाल शाईने काट मारली होती, त्याच्याशिवाय हे शेवटचे हजार रुपये मिळत नाहीत.

चौथा मुद्दा थोडक्यात. शून्याचा अर्थ पॉलिशची क्षमता वाढवून काही मिळणार नाही, इतकाच आहे. ती कमी करायला मोकळीक फक्त १० नगांची आहे. क्षमता ८० वर आणली तर ४० टेबले आणि ४० खुर्च्या होऊन नफा ४०,००० वर येतो, म्हणजे ९० पासून ८० पर्यंत कमी केलेला प्रत्येक नग २०० रुपयांना पडतो.