अंगठा दाखवणं म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे! (बी.कॉम. २००१, अ तुकडी)

मंडळी, ठरलं एकदाचं. १९ आणि २० डिसेंबर, शनिवार-रविवार, सांगलीत, आपल्याच कॉलेजात. पंचवीस वर्षं झाली राव पास होऊन (काहीजण ऑक्टोबरला सुटले, त्यांनाही यातच धरलंय). डिसेंबर घेतला कारण दुबई-अमेरिकावाले तेव्हाच सुट्टीवर येतात आणि सांगलीत ऊन पण जरा बरं असतं.

आता थोडं कडू बोलतो, रागावू नका. २०१६ च्या गेटटुगेदरला ग्रुपवर ७४ अंगठे आले होते, "येणारच", "नक्की भावा", सगळं. केटररने विचारलं किती ताटांची गॅरंटी, आम्ही छाती काढून सांगितलं सत्तर. आले किती, ४१! ३५० रुपयांचं ताट, २९ ताटं उरली, म्हणजे १०,१५० रुपये आम्ही तिघांनी खिशातून भरले आणि रात्री अकराला डबे भरभरून बासुंदी वाटत फिरलो. त्यात केटररची काहीच चूक नव्हती, त्याने सांगितलेल्या आकड्याचंच जेवण केलं होतं. म्हणून यंदा पैसे जमा झाले तरच नाव धरणार, अंगठा कितीही मोठा असूदे.

फी २,५०० रुपये. कशी काढली ते सांगतो, आपण कॉमर्सवाले, हिशोब मागणारच. हॉल, मांडव, साउंड, फोटोवाला, सरांचे सत्कार असा ठरलेला खर्च ८४,००० आहे, माणसं कितीही आली तरी तो तेवढाच. खाणं माणशी १,१००, त्यात शनिवारची दोन जेवणं, रविवारचा नाश्ता आणि जेवण, चहा कितीही. साठजण धरले तर वरच्या खर्चाचे १,४०० वाट्याला येतात, अधिक १,१००, झाले अडीच हजार. ८४ जण आलो तर वाटा हजारावर येतो आणि प्रत्येकाला ४०० रुपये परत मिळतील. साठच्या खाली गेलो तर मात्र मांडव छोटा करू, जादा वर्गणी मागणार नाही. नवरा किंवा बायको येणार असेल तर त्यांचे फक्त जेवणाचे १,१००, दहा वर्षांखालच्या पोरांचे काही नाही. राहण्याचं यात धरलेलं नाही. स्टँडजवळच्या लॉजवर २० खोल्या १५ नोव्हेंबरपर्यंत आपल्या नावाने धरून ठेवल्यात, खोलीचे पैसे थेट लॉजला द्यायचे.

रजिस्ट्रेशन असं करायचं. आधी ग्रुपवर पिन केलेला फॉर्म भरा. त्यात कॉलेजातलं नाव आणि आत्ताचं नाव दोन्ही टाका, कारण मुलींची आडनावं बदललीत आणि मागच्या वेळी एकाच मैत्रिणीचं नाव यादीत दोनदा लागलं होतं. मग यूपीआयने पैसे भरा, पण इथे नीट लक्ष द्या, नुसते २,५०० भरू नका! फीमध्ये आपला रोल नंबर मिळवून भरा. रोल नंबर ३७ असेल तर २,५३७. जोडीने येणार असाल तर ३,६०० अधिक ३७, म्हणजे ३,६३७. का, तर कुणी बायकोच्या खात्यातून भरतं, कुणी दुकानाच्या, स्टेटमेंटवर भलतंच नाव दिसतं आणि मी बसतो शोधत. रक्कमच बोलली की कुणाला विचारायला नको. हे वरचे सुट्टे पैसे हिशोबात जमाच धरलेत, कुठे जात नाहीत. क्यूआर स्कॅन केल्यावर खातं कुणाच्या नावाचं दिसतंय ते बघा, आपल्या खजिनदाराचं नाव नसेल तर थांबा आणि फोन करा. पैसे गेले की बारा आकडी यूटीआर नंबर फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात टाका, स्क्रीनशॉट पाठवत बसू नका, ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तो सापडत नाही. परदेशातल्यांनी इथल्या भावाला-बहिणीला भरायला सांगा, रोल नंबर मात्र आपलाच.

दर रविवारी रात्री यादी टाकू. पैसे भरून आठवडा झाला आणि यादीत नाव नाही, तर बिनधास्त ओरडा.

शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. ५ डिसेंबरपर्यंत रद्द केलंत तर सगळे पैसे परत. ११ तारखेला केटररला आकडा द्यायचाय, मधले दिवस फोनाफोनीला ठेवलेत, त्यामुळे पाचनंतर परत मागू नका प्लीज.

आणि एक, ज्याला सध्या अडीच हजार जड जात असतील त्याने मला एकट्याला फोन करायचा. दोघा-तिघांनी जास्तीचे भरून ठेवलेत, यादीत इतरांसारखंच नाव येईल, कोणाला कळायचं कारण नाही.

रोल नंबर आठवत नसेल तर जुनं ओळखपत्र शोधा, नाहीतर मला विचारा, हजेरीचा क्रम मला अजून पाठ आहे (प्रॉक्सी मीच मारायचो ना सगळ्यांच्या). माझा १०७. खात्यात पहिले पडलेले २,६०७ माझेच आहेत.