मुरुमं, 21 दिवसांचा रस आणि माझी भाची

«मुरुमं म्हणजे पोटातली घाण! 21 दिवस एवढंच करा. सकाळी मध-लिंबूपाणी, दिवसभर फळांचा ताजा रस, रात्री वाटीभर सूप. तेल, तूप, दूध, पोळी, भात पूर्ण बंद. साखरेऐवजी मध-गूळ कितीही चालेल. सुरुवातीला मुरुमं वाढली तर घाबरू नका, घाण बाहेर पडतेय. चेहरा काचेसारखा होतो. प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा.»

हा संदेश पोहोचला. माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने त्यातला उपाय आपल्या दहावीतल्या मुलीवर करूनही पाहिला. सहाव्या दिवशी नौपाड्यातल्या क्लासमध्ये पोरीला भोवळ आली, तेव्हा मला फोन आला. "ताई, फळंच तर देत होते गं," बहीण म्हणाली. मी ठाण्यात आहार सल्लागार म्हणून काम करते आणि माझ्याच घरात हे घडलं. त्यामुळे आज मी शांतपणे लिहीन याची खात्री नाही.

रसापासूनच सुरुवात करते, कारण सगळी गडबड तिथेच आहे. मोसंबीच्या 250 मिलीच्या एका ग्लासात साधारण 20 ते 25 ग्रॅम साखर असते. तेवढ्याच थंड पेयात 26-27 ग्रॅम असते. म्हणजे फरक फार तर चमचा-दीड चमच्याचा. भाची दिवसाला पाच ग्लास पीत होती. त्यातूनच 100 ग्रॅमच्या वर साखर गेली, सकाळचा मध वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची जी मर्यादा घालून दिली, ती 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी दिवसाला सुमारे 50 ग्रॅम येते, आणि शक्य असल्यास 25 वरच थांबा असं त्यांचं म्हणणं आहे. त्या हिशेबात फळांचा रस आणि मध दोन्ही साखरेच्याच खात्यात धरले आहेत. अख्खं फळ धरलेलं नाही. मोसंबीच्या फोडी चावून खाल्ल्या तर चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि दोन मोसंब्यांत पोट भरतं. रसाच्या एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात आणि तो दोन मिनिटांत संपतो. मध आणि गूळ "कितीही चालेल" हे वाक्य तर मुरुमांच्या संदेशात यायलाच नको होतं.

साखरेचा आणि मुरुमांचा संबंध आहे, तो असा. साखर किंवा मैदा भरभर पचला की रक्तातली साखर चढते आणि ती उतरवायला इन्सुलिन वाढतं. वाढलेलं इन्सुलिन आयजीएफ-1 नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचं काम चढवतं. या दोघांमुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल करतात आणि केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र बुजायला मदत होते. वयात येताना ही दोन्ही संप्रेरकं आधीच चढलेली असतात, म्हणून तर हे वय मुरुमांचं. अशा वयात दिवसातून पाच वेळा रस पाजायचा, आणि ज्या पोळी-उसळीमुळे साखर सावकाश चढली असती ती बंद करायची. संदेशाने नेमकं उलटं करायला सांगितलं आहे.

आणि पोटात काय गेलं? पाच ग्लास रस आणि वाटीभर सूप मिळून 10 ग्रॅमसुद्धा प्रथिनं होत नाहीत. या वयाच्या मुलीला दिवसाला 43 ग्रॅमच्या आसपास लागतात. पाळी सुरू झालेली मुलगी, रक्तात लोह मुळातच कमी असण्याची शक्यता मोठी, आणि तिचं जेवण काढून घ्यायचं. हे लांबवलं तर पाळी चुकते. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात आणि तोवर कोणाला रसाची आठवणही राहिलेली नसते.

सगळ्यात घातक वाक्य मात्र ते वाढलेल्या मुरुमांचं. चौथ्या दिवशी भाचीच्या हनुवटीवर नवीन फोड आले आणि बहिणीने ते चांगलं लक्षण मानलं, कारण तसं लिहिलंच होतं. ज्या उपायात त्रास वाढणं हीच यशाची खूण ठरवली आहे, तो उपाय थांबवायचा कधी? मुरुम आतड्यातून येत नाही. तेलग्रंथी त्वचेत असते, बुजतं ते त्वचेतलं छिद्र, आणि सूज येते तीही तिथेच. पोटातून चेहऱ्याकडे घाण नेणारी कुठलीही वाट शरीरात नाही.

शिवाय 21 दिवसांत काही कळतच नाही. छिद्र आत बुजायला लागल्यापासून फुटकुळी डोळ्यांना दिसेपर्यंत साधारण दोन महिने जाऊ शकतात. आज दिसणारं मुरुम दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असू शकतं. काल चॉकलेट खाल्लं म्हणून आज उठलं, हेही त्यामुळेच टिकत नाही. आहार असो की मलम, फरक बघायचा तर 12 आठवडे धरावे लागतात.

मग "आमच्या शेजारणीच्या मुलीला गुण आला" याचं काय? याला माझ्याकडे एक चांगलं उत्तर आहे. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात मुरुमं असलेल्या 15 ते 25 वयाच्या 43 मुलांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला सावकाश पचणारी धान्यं आणि जास्त प्रथिनं दिली, दुसऱ्या गटाने नेहमीसारखे कर्बोदकांचे पदार्थ खाल्ले. पहिल्या गटाची मुरुमं सरासरी 23.5 ने कमी झाली. दुसऱ्या गटाचीही 12 ने कमी झाली, जेवण न बदलता! मुरुमं आपोआप चढतात आणि उतरतात. उतरायच्या वेळी जो रस प्यायला असेल त्याला श्रेय मिळतं.

त्या प्रयोगाची मर्यादाही सांगते. मुलं थोडी होती आणि पहिल्या गटाचं वजनही जवळपास तीन किलोंनी घटलं, त्यामुळे नेमका गुण कशाचा हे वेगळं काढता येत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 च्या सूचनांत आहाराबद्दल ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं आहे. म्हणून मी कोणाला आहाराने मुरुमं जातील असं वचन देत नाही. पण त्या प्रयोगात कोणाला उपाशी ठेवलं नव्हतं, एवढं नक्की.

तेलाबद्दल थोडक्यात. खाल्लेलं तेल चेहऱ्यावर येत नाही. वडापावात मला चिंता मैद्याच्या पावाची आणि सोबतच्या बाटलीची आहे, वड्याची त्यामानाने कमी.

दुधाबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं. दूध जास्त पिणाऱ्या मुलामुलींत मुरुमं काहीशी जास्त आढळतात असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे, आणि सायविरहित दुधात हा संबंध जास्त दिसतो. जिममधल्या व्हे पावडरीबद्दलही शंका आहे. पण हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. रोज तीन ग्लास पिणाऱ्याने एकावर यावं, दोन-तीन महिने बघावं, फरक नसेल तर पुन्हा प्यावं. दही-ताक बंद करायला मी सांगणार नाही.

आता भाचीचं काय केलं ते. तिला भोवळ आली त्याच रात्री वरण-भात, तूप, मेथीची भाजी आणि अंडं असं जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी तिचा दिवस लिहून काढला. सकाळचं आणि रात्रीचं जेवण घरचं, त्यात हात लावण्यासारखं काही नव्हतं. बिघडत होते ते फक्त दुपारी साडेतीन ते सात हे तास. चहाबरोबर सात-आठ बिस्किटं, मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर थंड पेय आणि चिप्सचं पाकीट, क्लास सुटला की गोखले रोडवर खारी नाहीतर केक. त्या तीन-चार तासांत साखर आणि मैदा सोडून काहीच नव्हतं, कारण ती क्लासला जाताना भुकेली जात होती.

म्हणून आधी काही काढलं नाही, घातलं. क्लासला निघण्याआधी साडेतीनला पोळी आणि मटकीची उसळ, किंवा थालीपीठ आणि वाटीभर दही, किंवा नाचणीची भाकरी आणि पिठलं. दप्तरात मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेरू. बाटलीत पाणी किंवा जिरं-मीठ घातलेलं ताक. कोकम द्यायचं तर आगळाचं, मीठ घालून. बाजारातल्या तयार कोकम सरबतात साखरच जास्त असते, ते बहिणीला दोनदा सांगावं लागलं. चहा तसाच ठेवला, साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली.

थंड पेय बंद असं म्हटलं नाही. तिला आठवड्यातला एक वार निवडायला सांगितलं, तिने शनिवार निवडला. "मावशी, वाढदिवस मध्येच आला तर?" तर खायचं. केक खा, त्या दिवशी बाटली नको, एवढंच. पहिल्या दोन आठवड्यांत ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा साडेतीनचं खाणं राहून गेलं होतं. पोट रिकामं असताना मैत्रिणीच्या हातातल्या बाटलीला नाही म्हणणं अवघड असतं. त्यानंतर मी बहिणीला बाटली मोजू नकोस, साडेतीनचा डबा बघ असं सांगितलं.

पंधरा दिवसांतून एकदा सकाळी त्याच खिडकीपाशी उजव्या गालाचा फोटो काढायचा आणि लाल फुटकुळ्या मोजायच्या. रोज आरशात मोजायला मी मनाई केली, कारण रोज मोजणारी मुलगी नंतर रोज घास मोजायला लागते. तिच्या हनुवटीवर दुखणाऱ्या गाठी होत्या म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेही नेलं, त्यांनी रात्री लावायचं मलम दिलं. 12 आठवड्यांनी गालावरच्या 19 फुटकुळ्यांच्या 8 झाल्या. त्यात मलम किती आणि पेरू किती, हे मी सांगू शकत नाही. मलमाचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस येत असतील, तर 12 आठवडे थांबू नका. आधी डॉक्टरकडे जा, थालीपीठ त्याच्या जोडीने चालू राहू दे. आणि एखादी मुलगी जेवण टाळायला लागली असेल, चार मैत्रिणींत खायला लाजत असेल, तर मुरुमांचा विषय बाजूला ठेवून तिच्याशी आधी त्याबद्दल बोला. माझी भाची त्या सहा दिवसांनंतर जवळजवळ महिनाभर भात वाढून घेताना आईकडे बघायची.