जखम भरल्यावरच हिरडीचं नुकसान सुरू होतं

"जीभ टोचल्यावर पहिले दोन आठवडे सांभाळा. जखम भरली की धोका संपला. दागिन्याच्या टोकांना प्लॅस्टिकच्या गोळ्या लावल्या तर दातांनाही काही होत नाही, आणि ओठातल्या दागिन्याचा तर दातांशी संबंधच नाही." असा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो.

दोन आठवड्यांचा हिशेब फार तर जंतुसंसर्गाला लागू पडतो. पहिले तीन ते पाच दिवस सूज वाढते, मग ती उतरायला हवी. ती उलट वाढत गेली, ताप आला, जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. तिथली सूज श्वासनलिकेवर दाब आणू शकते. गुळण्या करत सकाळची वाट पाहू नका.

हिरडीची झीज मात्र त्यानंतरची आणि बिनआवाजी असते. जिभेतल्या दागिन्याची दांडी जिभेतून आरपार जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना गोळ्या असतात; सुजेला जागा मिळावी म्हणून सुरुवातीला ती मुद्दाम लांब घालतात. समजा ती २० मिलिमीटरची आहे आणि सूज उतरल्यावर जिभेला १६ पुरतात. उरलेले ४ मिलिमीटर मोकळे राहतात. तेवढ्यात खालची गोळी पुढच्या खालच्या दातांमागे टेकते, आणि बोलताना, गिळताना त्याच जागी घासत राहते. तिथली हिरडी आणि तिच्याखालचं हाड पातळ असतं. हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, दात थंडाला ठणकतो, आणि सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. हे आरशात सहज दिसत नाही, कारण झीज दाताच्या आतल्या बाजूला असते. म्हणून दंतवैद्याकडून दर सहा महिन्यांनी तिथली हिरडी मोजून घ्या. सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, टोचणाऱ्याकडून दांडी छोटी करून घेणं ही सगळ्यात उपयोगी सवय. बहुतेक जण नेमकी तीच टाळतात.

प्लॅस्टिकने दाताचा टवका उडण्याची शक्यता घटते, एवढं खरं. धातूची गोळी दाढांमध्ये सापडली की टवका उडतो किंवा बारीक चीर जाते, आणि दागिना दातांत धरून चाळवायची सवय असेल तर हे फार लवकर होतं. पण हिरडीला घासणं प्लॅस्टिकनेही थांबत नाही, शिवाय चावल्यावर गोळी फुटून तुकडा पोटात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

ओठाच्या दागिन्याची आतली चकती नेमकी खालच्या दातांसमोरच्या हिरडीवर टेकते. इथली झीज दिसते तरी: ओठ खाली ओढून पाहा, एक दात शेजारच्यापेक्षा लांब वाटला तर दागिना लगेच काढा.

भोक पूर्ण बरं झालं की जेवताना, झोपताना आणि खेळताना दागिना काढून ठेवा. नवीन भोक काही तासांत आवळू शकतं, म्हणून आधी टोचणाऱ्याला विचारा. रोज हात धुऊन गोळी घट्ट आहे का पाहा, आणि दांडीवर जमणारा थर मऊ ब्रशने काढा. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी संसर्ग झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नये.