गुणांचे पूर्णांकन एकदाच आणि शेवटी

निकालाच्या तोंडावर आमच्या मुख्याध्यापकांनी सूचनावहीत एक सूचना काढून सर्व शिक्षकांच्या सह्या घेतल्या. अपूर्णांकातील गुणांचे पूर्णांकन फक्त अंतिम बेरजेवर, एकदाच करायचे. अर्धा किंवा त्याहून अधिक असल्यास वरचा पूर्णांक, कमी असल्यास खालचा. आणि घटकांचे रूपांतरित गुण गुणतक्त्यात दोन दशांश स्थळांपर्यंत जसेच्या तसे लिहायचे. ही सूचना काहींना जाचक वाटली, मला मात्र ती फार आवश्यक वाटते.

समजा, एका विद्यार्थ्याला चाचणीत २५ पैकी ९, सहामाहीत ५० पैकी १८ आणि वार्षिकमध्ये ८० पैकी २६ गुण आहेत. त्यांचे अनुक्रमे १०, ३० आणि ६० मध्ये रूपांतर केले की ३.६०, १०.८० आणि १९.५० येतात, बेरीज ३३.९०, म्हणजे ३४. पण ज्या शिक्षकांनी प्रत्येक घटक आधीच पूर्णांकात आणला, त्यांच्याकडे ४, ११ आणि २० मिळून ३५ होतात आणि मुलगा उत्तीर्ण होतो. अपूर्णांक सरसकट सोडून देणाऱ्यांकडे त्याच मुलाचे ३२ होतात. उत्तरपत्रिका त्याच, आणि निकाल मात्र तुकडी कोणती यावर ठरणार, हे मला कोणत्याही पालकासमोर सांगता येणार नाही.

एक्सेलमध्ये ही चूक लपून राहते. दशांश स्थळे शून्य केली की पडद्यावर ४, ११, २० दिसतात, पण आतले मूल्य बदलत नाही, त्यामुळे बेरजेच्या रकान्यात ३४ उमटतात. असे गुणपत्रक हाती पडले की पालक बोटांवर बेरीज करून ३५ काढतात, आणि त्यांचे काहीच चुकत नाही. म्हणून घटकांच्या रकान्यांत दोन दशांश स्थळे दिसू द्यावीत आणि फक्त बेरजेच्या रकान्यात सूत्र घालावे:

```
=ROUND(SUM(C5:E5),0)
```

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, काठावरच्या मुलांना घटकनिहाय पूर्णांकनाचा आधार मिळत होता, तो आता गेला. त्यांची कळकळ मी जाणतो, कारण असा एखादा विद्यार्थी माझ्याही वर्गात असतोच. परंतु तो आधार ज्याचे अपूर्णांक योगायोगाने जुळले त्यालाच मिळत होता, ३.२०, १०.२० आणि २०.२५ असे गुण असणाऱ्याची बेरीज ३३.६५, म्हणजे ३४च होते, आणि त्याचे मात्र ३३ लागत. मदत करायची असेल तर ती नियमानुसार सवलतीचे गुण देऊन, निकालपत्रकात स्वतंत्र दाखवून करावी.

गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य न लिहिता ‘गैह’ लिहावे आणि खाडाखोड न करता चुकीच्या अंकावर एक रेघ मारून तारखेसह सही करावी, हेही सूचनेत आहे.

एक गोष्ट मात्र तिच्यात राहून गेली आहे: श्रेणी कोणत्या बेरजेवरून द्यायची? ५९.५० चे ६० झाले, तर श्रेणीही ६० चीच मिळायला हवी, कारण गुणपत्रकावर तोच आकडा छापला जाणार आहे. मुख्याध्यापकांनी एवढे वाक्य सूचनेत वाढवावे, अशी लेखी विनंती मी केली आहे.