२ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

"विंडोज सर्व्हरची लायसन्स आमची स्वतःची, विकत घेतलेली. तरी ह्यांनी एडब्ल्यूएसवर परत भाड्याची लायसन्स गळ्यात मारली. डेडिकेटेड होस्ट द्या म्हटलं तर टाळाटाळ. कमिशनसाठी चाललंय सगळं. २ स्टार."

नमस्कार सर. काम लांबलं आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण कमिशनचा शब्द लागला हो. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, लायसन्सचं भाडं मशीनच्या तासाच्या दरातच धरलेलं असतं आणि ते थेट तुमच्या बिलात येतं, आमच्याकडे त्यातलं काही येत नाही. आता हे पब्लिकमध्ये लिहिलंच आहे तर उत्तरही इथेच देतो, थोडं लांबेल.

तुम्ही पहिल्यांदा पाठवलेलं इन्व्हॉइस २०१८ चं होतं, विंडोज सर्व्हर २०१६ स्टँडर्डचं, ४८ कोअर. ते बघून आम्हीच म्हणालो होतो की बीवायओएलचा, म्हणजे स्वतःचं लायसन्स क्लाउडवर नेण्याचा, विचार करता येईल, हे तुम्हाला आठवत असेल. पण तुमची सहाही मशीन चालत होती २०२२ वर, आणि त्या २०२२ च्या लायसन्सचे कागद आम्ही तीनदा मागितल्यावर आले, बहुतेक उशीर तिथेच झाला. ती लायसन्स नंतर नव्याने घेतलेली निघाली, सॉफ्टवेअर अश्युरन्स, म्हणजे लायसन्सवरचा रिन्यू करायचा वेगळा करार, न घेता.

इथेच सगळं अडतं. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०१९ पासून नियम बदलला. त्या तारखेनंतर घेतलेलं लायसन्स, ज्याच्यावर सॉफ्टवेअर अश्युरन्स आणि मोबिलिटीचा, म्हणजे लायसन्स दुसऱ्याच्या क्लाउडवर हलवायचा, हक्क नाही, ते अ‍ॅमेझॉन, गूगल, अलीबाबा आणि खुद्द मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या क्लाउडवर नेता येत नाही, डेडिकेटेड होस्ट, म्हणजे एकट्यासाठी भाड्याने पूर्ण सर्व्हर, घेतला तरी नाही. आणि विंडोज सर्व्हरला तर लायसन्स मोबिलिटी मुळातच नाही, म्हणजे तुम्ही अश्युरन्स घेतलं असतं तरी एडब्ल्यूएसवर ही २०२२ ची लायसन्स चालली नसती. तारखेआधीची जुनी लायसन्स डेडिकेटेड होस्टवर चालतात, पण व्हर्जनही त्या तारखेआधी आलेलं असावं लागतं, २०१९ पर्यंतचं. २०२२ चा दरवाजा बंद. ह्यात आम्ही काय टाळाटाळ करणार?

बरं, तरी तुमच्या हट्टापायी दुसरा रस्ताही करून बघितला, की २०२२ सोडून जुन्या २०१६ च्या लायसन्सवर परत जायचं आणि डेडिकेटेड होस्ट घ्यायचा. हा हिशोब मी फोनवर सांगितला होता, तुमच्याकडे तेव्हा गडबड होती, म्हणून परत लिहितो. स्टँडर्ड एडिशनमध्ये फिजिकल सर्व्हरचे सगळे कोअर एकदा लायसन्स केले की २ व्हर्च्युअल मशीन चालवायची परवानगी मिळते, अजून २ हवी असतील तर परत सगळे कोअर मोजायचे. तुमच्या ऑफिसातला सर्व्हर १६ कोअरचा, त्यावर ६ मशीन, म्हणजे १६ कोअर तीनदा, ४८. तुमचा आकडा तिथे बरोबर बसत होता. आता एडब्ल्यूएसचा आर५ डेडिकेटेड होस्ट घ्या, त्यात फिजिकल कोअरच ४८ आहेत. तीच ६ मशीन, तोच हिशोब, ४८ तीनदा, म्हणजे १४४ कोअरची लायसन्स लागतात. तुमच्याकडे ४८ आहेत, त्यात त्या होस्टवर कायदेशीर फक्त २ मशीन चालली असती. उरलेल्या चारचं काय करायचं होतं? आणि होस्टचं भाडं पूर्ण होस्टचं लागतं, त्यावर काही चालू असो नसो. त्याच्यावर ९६ व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर, मावतात, तुमच्या सहा मशीनला मिळून २८ लागत होते. पाहुणे चार आणि भाड्याने घेतलं मंगल कार्यालय, असं झालं असतं.

डेडिकेटेड होस्ट आम्ही देतच नाही असं नाही. जिथे १ ऑक्टोबर २०१९ च्या आधी घेतलेली डेटासेंटर एडिशन आहे, होस्टचे सगळे कोअर तिच्यात बसतात आणि होस्ट भरेल इतकी मशीन आहेत, तिथे आम्ही स्वतःहून तोच सुचवतो, कारण डेटासेंटरमध्ये एकदा सगळे कोअर धरले की मशीन कितीही चालवा. तुमच्या ओळखीच्या माणसाने जो 'डेडिकेटेड इन्स्टन्स' सुचवला तो वेगळा प्रकार आहे. त्यात हार्डवेअर तुमच्या एकट्याचं असतं खरं, पण सॉकेट आणि कोअर दिसत नाहीत, मशीन बंद करून चालू केलं तर दुसऱ्याच सर्व्हरवर जाऊ शकतं. कोअर मोजून दाखवताच येत नसतील तर ऑडिटमध्ये दाखवणार काय?

आता सगळ्यात जास्त जे लागलं ते. तुमच्या ऑफिसमधल्या मुलाने आम्हाला न सांगता रेडीमेड विंडोज इमेजवरून मशीन उभी केली, त्यात तुमची स्वतःची लायसन्सची की टाकली, आणि बिल कमी झालं नाही म्हणून आम्ही डबल पैसे लावतोय असा समज झाला. सर, की टाकल्याने बिल बदलत नाही. बिलाचा कोड इमेजला चिकटलेला असतो. बीवायओएल करायचं तर स्वतःची इमेज इम्पोर्ट करून होस्टवर चालवावी लागते. खात्री करायची असेल तर हे चालवून बघा:

```
aws ec2 describe-instances --output table \
 --query "Reservations[].Instances[].[InstanceId,UsageOperation,Placement.Tenancy]"
```

`RunInstances:0002` दिसलं म्हणजे विंडोजचं भाडं बिलात धरलंय, `RunInstances:0800` म्हणजे विंडोज स्वतःच्या लायसन्सवर. `0002` असताना आत की कुठलीही असो, भाडं चालूच राहतं.

आणि एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये आलीच नाही, म्हणून मीच सांगतो. तुमच्या डेटाबेसची, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डची, ८ कोअरची लायसन्स, ज्यावर अश्युरन्स चालू आहे, ती आम्ही तुमचीच वापरली. एसक्यूएलला मोबिलिटी आहे, त्यामुळे साध्या शेअर्ड मशीनवर चालते, होस्ट लागत नाही. क्लाउडवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक कोअर लायसन्स, एका मशीनला कमीत कमी ४, म्हणून ते मशीन मुद्दाम ८ व्हीसीपीयूचं ठेवलं, तुमचा माणूस १६ मागत होता तरी. मायक्रोसॉफ्टला द्यायचा व्हेरिफिकेशन फॉर्म १० दिवसांच्या आत जायला लागतो, तोही आम्हीच भरून तुमच्याकडून सही करून घेतला. नुसतं बिल वाढवायचं असतं तर एसक्यूएलचंही भाडंच लावलं असतं ना, ते विंडोजपेक्षा कितीतरी महाग पडतं.

पुढच्या कामांमध्ये लायसन्सचे कागद हातात आल्याशिवाय एस्टिमेट द्यायचं नाही असं ठरवतोय, टीमशी बोलणं चालू आहे, आणि फोनवर जे सांगतो ते मेलवरही टाकत जाऊ. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, तो तुमचा अधिकार आहे, फक्त ते कमिशनचं वाक्य तेवढं बघा, नवीन क्लायंट आधी तेच वाचतात.

एसक्यूएलचं अश्युरन्स कधी संपतंय ती तारीख मात्र लिहून ठेवा. रिन्यू झालं नाही तर मोबिलिटीचा हक्क जातो आणि ते मशीनही भाड्याच्या लायसन्सवर न्यावं लागेल. त्या वेळी आधी फोन करा सर, रिव्ह्यू मग.